पायाला कळत नसेल तर शेक कोणी मोजायचा?

थंडी पडली की आमच्या शिरूर-दौंड भागात दोन वस्तू हमखास माळ्यावरून खाली उतरतात. एक म्हणजे घोंगडी आणि दुसरी गरम पाण्याची रबरी पिशवी. गुडघे धरले, कंबर आखडली, पोटात कळ आली की पिशवी भरायची आणि पांघरुणात घ्यायची, हा घरोघरचा रिवाज आहे. तो वाईट आहे असे मी म्हणणार नाही. पण या साध्या पिशवीने माझ्या एका रुग्णाच्या पायाची दोन बोटे गेली, आणि त्यात माझाही वाटा होता. आज त्याविषयी लिहायचे आहे.

दौंडला राहणारे हे गृहस्थ रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षे रुळांच्या कडेने खडीवरून चाललेले पाय. वय ६४, मधुमेह चौदा वर्षांचा. आपण त्यांना तात्या म्हणू. माझा दवाखाना शिरूरला असला तरी आठवड्यातून एक दिवस मी दौंडला बसतो. २०२३ च्या डिसेंबरात तात्या तिथे आले आणि म्हणाले, "डॉक्टर, रात्री पाय बर्फासारखे गार पडतात, झोप लागत नाही." बाहेर रांग होती. मी साखर पाहिली, गोळी बदलली आणि उठता उठता म्हणालो, "झोपताना गरम पाण्याची पिशवी ठेवत जा पायाशी." पायमोजे काढायला मी त्यांना सांगितले नाही. तेवढे एक मिनिट मी वाचवले.

पुढच्या आठवड्यात ते आले तेव्हा उजव्या पायाला फडके गुंडाळलेले होते. ते सोडले तर तळव्याच्या बाहेरच्या कडेला, करंगळीपासून खाली चार बोटे लांबीचा फोड फुटलेला आणि मधोमध राखाडी-काळा, चामड्यासारखा कोरडा चट्टा. मी चिमट्याने चट्ट्याला हात लावला, तात्या माझ्याशी शांतपणे बोलतच होते. त्या शांतपणाचीच मला धास्ती वाटली. ते म्हणाले, "चटका बसला असता तर मीच पिशवी लाथेने उडवली असती की. मला काही कळलंच नाही." सकाळी काकूंनी अंथरूण काढताना चादरीला लागलेले पाणी पाहिले, तेव्हा घरात समजले.

पाय गार नव्हतेच

मधुमेह बरीच वर्षे राहिला, विशेषतः साखर चढी राहिली, की शरीरातील सर्वांत लांब मज्जातंतू आधी बिघडतात. हे लांब तंतू पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून सुरुवात बोटांपासून होते आणि बधिरपणा हळूहळू मोजा चढवावा तसा वर सरकतो. असा बिघडलेला तंतू दोन प्रकारे फसवतो. खरी बातमी तो मेंदूला पोहोचवत नाही आणि खोटी बातमी मात्र पाठवत राहतो. कधी आग होते म्हणून, कधी मुंग्या येतात म्हणून, तर कधी पाय गार पडले म्हणून. त्या दिवशी मी तात्यांच्या पायावर हाताची पालथी बाजू ठेवली असती तर पाय चांगला कोमट लागला असता. त्यांना वाटणारा गारवा मज्जातंतूंचा होता, कातडीचा नव्हता. त्यावर शेक हा उपायच नव्हता.

काही मधुमेहींचे पाय खरोखरच गार असतात, कारण पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात. शेक तर अशा पायालाही घातक. कातडी तापली की तिथल्या पेशींची प्राणवायूची गरज वाढते. निरोगी पायात वाहिन्या रुंद होऊन जास्त रक्त येते आणि गरज भागते. अरुंद वाहिनीतून जादा रक्त येऊच शकत नाही. म्हणजे पंगतीला पाने वाढवायची आणि पातेल्यात भात तेवढाच, अशी गत होते. शिवाय वाहते रक्त कातडीतली उष्णता उचलून दूर नेत असते. रक्त कमी आले की तेही काम मंदावते आणि कमी गरम वस्तूनेही कातडी भाजते.

किती गरम म्हणजे जास्त गरम?

१९४७ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोन संशोधकांनी कातडी किती तापमानाला किती वेळात भाजते, हे मोजून पाहिले. आजही त्यांचे आकडे आधाराला घेतले जातात. कातडीच ४४ अंश सेल्सिअसला राहिली तर भाजायला सुमारे सहा तास लागतात. ४९ अंशांना साधारण दहा मिनिटे पुरतात. ६० अंशांना पाच सेकंद. म्हणजे तापमान थोडे चढले की वेळ झपाट्याने कमी होतो.

निरोगी माणसाला ४३ ते ४५ अंशांच्या आसपास ऊब जाऊन चटका जाणवू लागतो. निसर्गाने ही घंटा अगदी नेमक्या जागी बांधली आहे. भाजायला पुरेसा वेळ मिळण्याआधीच ती वाजते आणि आपण पाय ओढून घेतो. तात्यांची घंटा तुटलेली होती. त्यामुळे सहा तासांची झोप हीच त्यांच्या पायाची परीक्षा ठरली.

त्यांच्या घरी जाऊन मी सगळे पुन्हा करून पाहिले. पाणी न्हाणीतल्या बंबातले. थर्मामीटर लावला तर ६८ अंश. पिशवी गळ्यापर्यंत भरलेली, म्हणून ती घट्ट फुगून पायाला कडक लागायची. वरचे कापडी वेष्टण फाटल्यामुळे दोन वर्षांपूर्वीच टाकून दिलेले. आणि पिशवी पायाच्या वर किंवा शेजारी न ठेवता पायाखाली, तिच्यावर टाच आणि तळव्याची कड टेकवून ते झोपले. पायाच्या वजनाने त्या जागच्या बारीक वाहिन्या दाबल्या गेल्या, रक्त थांबले, उष्णता तिथेच साठली. आदल्या संध्याकाळी पायाला वेदनाशामक बाम चोळला होता, तोही पिशवीखाली दाबला गेला. बाम लावलेल्या जागी शेक दिला की भाजण्याचा धोका वाढतो, हे बामच्या वेष्टनावर बारीक अक्षरात छापलेले असते. यांतल्या एखाद्या चुकीवर निरोगी माणूस चटका बसून जागा झाला असता. इथे सगळ्या एकत्र आल्या आणि जागे करणारे कोणी नव्हते.

आणि मग बर्फ

सकाळी फोड पाहिल्यावर घरच्यांनी दुसरी चूक केली, तीही प्रेमापोटी. "भाजलंय, थंड लावा," म्हणून नातवाने फ्रीजमधला बर्फ रुमालात बांधून अर्धा-पाऊण तास त्या जागी धरला. बधिर पायाला तोही कळला नाही.

भाजल्यावर बर्फ कधीच लावू नये. भाजलेल्या जागेभोवती अर्धवट जिवंत कातडी असते. ती वाचेल की जाईल हे तिला मिळणाऱ्या रक्तावर ठरते. बर्फाने वाहिन्या आवळल्या जातात आणि वाचू शकणारी कातडीही मरते. भाजल्यावर करायचे ते एवढेच: नळाच्या साध्या, वाहत्या पाण्याखाली ती जागा वीस मिनिटे धरायची. हा उपाय भाजल्यापासून तीन तासांच्या आत करावा, जितका लवकर तितका चांगला. अंगठी, पैंजण, जोडवी लगेच काढावीत, नंतर सुजेमुळे निघत नाहीत. फोड फोडू नये. हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नये. त्याने जखम झाकली जाते आणि डॉक्टरला तिची खोली दिसत नाही.

तात्यांच्या घरी पाच दिवस हळद लावली गेली. त्यांना दुखत नव्हते म्हणून कोणाला घाई वाटली नाही. मी त्यांना त्याच दिवशी पुण्याला मोठ्या रुग्णालयात पाठवले. जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेला होता. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट काढावे लागले. जखम पूर्ण भरायला चार महिने गेले.

वहीतली एक ओळ

आमच्या गल्लीतली एक मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. त्याच सुमारास तिची प्रात्यक्षिक परीक्षा होती. एके दिवशी ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "डॉक्टरकाका, गरम आणि थंड शेक मला परीक्षेत आला तर? जरा म्हणून घ्या ना." मी वही हातात घेतली. तिने शेक कधी देऊ नये याची यादी लिहिली होती आणि तिसरीच ओळ होती: ज्या भागाला संवेदना नाही त्या भागावर शेक देऊ नये.

ती ओळ तीस वर्षांपूर्वी मीही पाठ केली होती. मी वही परत दिली आणि म्हटले, "बाळ, ही ओळ सगळ्यात आधी म्हणत जा. पिशवी भरण्याच्याही आधी." परीक्षक 'पिशवी किती भरायची' हे विचारतोच. पण चांगला परीक्षक बघतो की मुलगी पिशवीला हात घालण्यापूर्वी रुग्णाच्या कातडीला हात लावते की नाही.

घरच्या माणसांनीही हीच शिस्त धरावी. शेक गरम असो वा थंड, आधी तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, या जागेला कळते का आणि हा माणूस सांगू शकतो का? मधुमेही, कुष्ठरोग होऊन गेलेला, लकव्याने अंग लुळे पडलेला, मणक्याला इजा झालेला यांना कळत नसू शकते. तान्हे मूल, बेशुद्ध माणूस, झोपेची गोळी किंवा दारू घेतलेला यांना कळले तरी सांगता येत नाही. यांना घरी शेक नको.

दुसरा प्रश्न, या जागी रक्त नीट येते का? चालताना पोटऱ्या भरून येतात आणि थांबले की बऱ्या होतात, पायावरचे केस गेले आहेत, नखे जाड झाली आहेत, पाय निळसर-फिका दिसतो, अशा वेळी रक्तपुरवठा तपासल्याशिवाय गरम शेक नको आणि बर्फ तर नाहीच. थंडीत बोटे पांढरी पडणाऱ्यांनीही बर्फापासून दूर राहावे.

तिसरा प्रश्न, आत काय चालले आहे? पाय नुकताच मुरगळला असेल तर आत रक्त झिरपत असते. उष्णतेने वाहिन्या रुंद होतात आणि सूज वाढते. म्हणून पहिले दोन दिवस गरम नको. तिथे बर्फ कापडात गुंडाळून पंधरा ते वीस मिनिटे, मध्ये दोन तास सोडून. पोटात उजवीकडे खाली कळ, सोबत ताप आणि उलटी असेल तर शेकाने अपेंडिक्स फुटण्याचा धोका असतो. तिथे शेक न देता रुग्णाला दवाखान्यात न्यावे. वाहती जखम, पू झालेली लाल सूज, कर्करोगाची गाठ आणि गरोदर बाईचे पोट यांवरही गरम शेक नको.

पायाची परीक्षा घरच्या घरी

पायाला कळते की नाही हे तपासायला यंत्र लागत नाही. इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी २०११ साली एक सोपी चाचणी प्रसिद्ध केली. मधुमेही माणसाने पायमोजे काढून पडून राहावे आणि डोळे मिटावेत. घरातल्या दुसऱ्याने तर्जनीचे टोक पायाच्या बोटाच्या टोकाला अलगद टेकवायचे, एक ते दोन सेकंद. दाबायचे नाही, घासायचे नाही, टोचायचे नाही. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी, अशी सहा ठिकाणे. स्पर्श झाला की रुग्णाने उजवा किंवा डावा असे सांगायचे. एका ठिकाणी एकदाच. न कळल्यास पुन्हा करून पाहायचे नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळले नाही, तर त्या पायाची जाणीव कमी झाली आहे असे धरावे, शेक कायमचा बंद करावा आणि डॉक्टरला पाय दाखवावा. तात्यांना पुढे मी हीच चाचणी केली. एकाच ठिकाणी त्यांना कळले. दोन मिनिटे लागली.

ज्यांनी शेक घ्यायला हरकत नाही त्यांच्यासाठी

कंबर आखडलेली, मान धरलेली, पाळीच्या वेळी पोट दुखते आहे आणि वरच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ठीक आहेत, अशांना शेकाने खरोखर आराम पडतो. नर्सिंगच्या पुस्तकांत शुद्धीवरच्या मोठ्या माणसासाठी पिशवीतील पाण्याचे तापमान ४६ ते ५२ अंश सेल्सिअस दिलेले असते. अशक्त माणूस आणि दोन वर्षांखालील मूल यांच्यासाठी ४०.५ ते ४६ अंश, तेही परिचारिका शेजारी लक्ष ठेवून असताना. पुस्तकागणिक आकडा थोडा बदलतो. परीक्षेत आपल्या नेमलेल्या पुस्तकाचा आकडा सांगावा.

चौकस वाचक विचारील, ४९ अंशांना दहा मिनिटांत भाजते तर ५२ अंशांचे पाणी कसे चालते? उत्तर असे की ४९ हा आकडा कातडीच्या तापमानाचा आहे आणि ५२ हा पिशवीतल्या पाण्याचा. मध्ये रबर आणि कापड असते, पाणी निवत जाते, वाहते रक्त उष्णता काढून नेते आणि चटका बसला तर माणूस पिशवी बाजूला करतो. यातला एक जरी पहारेकरी गैरहजर असला तरी तो आकडा सुरक्षित राहत नाही.

घरात थर्मामीटर नसेल तर तांब्याचे माप वापरा. बादलीत आधी दोन तांबे नळाचे पाणी घ्या, मग त्यात त्याच मापाचा एक तांब्या उकळते पाणी ओता. हिवाळ्यात हे पाणी ४६ ते ४९ अंशांच्या आसपास येते. बंबातले किंवा गीझरचे पाणी किती गरम आहे हे अंदाजाने ठरवू नका.

पिशवी निम्मी ते दोन तृतीयांश भरावी. मग सपाट पृष्ठभागावर आडवी ठेवून तोंडापर्यंत पाणी येऊ द्यावे, म्हणजे आतली हवा निघून जाते. हवा राहिली तर पिशवी अंगाला नीट बसत नाही. बूच घट्ट लावून पिशवी उलटी धरून गळते का पाहावे, बाहेरून पुसावी आणि टॉवेलात किंवा जाड कापडी वेष्टणात घालावी. पिशवी दुखऱ्या भागावर किंवा शेजारी ठेवावी, तिच्यावर झोपू नये. पाच मिनिटांनी पिशवी उचलून कातडी पाहावी. फिकी गुलाबी ठीक. लालभडक, ठिपकेदार किंवा फोडासारखी दिसली तर तिथेच थांबावे. विजेवर चालणाऱ्या पट्ट्यांनाही हेच नियम लागू, उलट त्या आपोआप निवत नाहीत म्हणून जास्त काटेकोरपणे.

आणि वेळ वीस ते तीस मिनिटेच. पहिल्या वीस-तीस मिनिटांत वाहिन्या पूर्ण रुंद होतात. त्यानंतरही शेक चालू ठेवला तर त्या जागी रक्त साचते आणि वाहिन्या उलट आवळू लागतात. उष्णता वाहून नेणारे रक्त कमी होते आणि भाजण्याचा धोका वाढतो. थंड शेकातही असा उलटा परिणाम आहे. कातडी १५ अंशांच्या खाली गेली की आवळलेल्या वाहिन्या पुन्हा सैल पडतात. लंडनचे डॉक्टर थॉमस लुईस यांनी १९३० साली बर्फाच्या पाण्यात बुडवलेली बोटे आलटून पालटून गार आणि कोमट होताना नोंदवली होती. म्हणून "जास्त वेळ ठेवला तर जास्त गुण" हा हिशेब शेकात लागू पडत नाही, आणि पिशवी घेऊन झोपणे कोणासाठीच योग्य नाही.

तात्या आता पायाला सैल लोकरी मोजे घालतात. ते उलटे करून आत खडा किंवा काटा नाही ना, हे काकू रोज रात्री पाहतात आणि पायाचा तळवा उजेडात धरून बघतात. पिशवी त्यांनी शेजारी देऊन टाकली. मी दवाखान्यात एक बदल केला आहे. मधुमेही रुग्ण आत आला की बसायच्या आधी चपला-मोजे काढायला सांगतो. रांग थोडी लांबते, त्याला इलाज नाही.

ज्यांच्या घरी मधुमेही वडीलधारे आहेत त्यांनी आज रात्री पिशवी भरण्यापूर्वी ती सहा बोटे तपासून पाहावीत.